पाठ काढलेली कोंबडी

पहिल्यांदा अख्खी कोंबडी घरी भाजली तेव्हा मी सगळं शिस्तीत केलं होतं. पाय दोऱ्याने बांधले, पोटात लिंबू आणि लसूण कोंबला, ओटीजी १८० अंशांवर लावला आणि सव्वा तास वाट पाहिली. टेबलावर आणली तेव्हा दिसायला झकास होती. सुरी लावल्यावर मात्र छातीचं मांस कापसासारखं तंतू तंतू होऊन सुटलं. एकेका घासाला पाण्याचा घोट लागावा इतकं कोरडं. मांडी ओढून वेगळी केली, तर सांध्यापाशी मांस अजून चकचकीत, काचेसारखं आणि हाडाला घट्ट धरून बसलेलं. कातडी वरून सोनेरी होती, पण खालच्या अर्ध्या भागावर पांढरट आणि लिबलिबीत. एकाच कोंबडीत जास्त शिजलेलं, कमी शिजलेलं आणि नुसतंच वाफवलेलं असे तीन पदार्थ झाले होते.

दोष मी ओव्हनला दिला, मग मसाल्याला, मग पाककृतीला. खरा दोष होता कोंबडीच्या आकाराचा.

कोंबडीच्या अंगात दोन तऱ्हेचं मांस असतं. छातीचं मांस पांढरं, बिनचरबीचं. ते ७० अंशांच्या आसपास तयार होतं आणि त्याच्या पुढे प्रत्येक अंशाला रस गमावत जातं. ८० अंशांना त्याचा चोथा होतो. तंगडीचं उलट आहे. कोंबडी दिवसभर पायांवर उभी असते, त्यामुळे मांडीत चिवट जोडऊती भरपूर असते आणि तिचा मऊ जिलेटिन व्हायला ८० अंश किंवा थोडी जास्तच उष्णता लागते. म्हणजे छातीपेक्षा तंगडी दहा अंशांनी पुढे हवी. आता अख्खी कोंबडी ट्रेमध्ये कशी बसते ते बघा. छाती सगळ्यात वर, उघडी, थेट तापाला सामोरी. मांड्या खाली, अंगाला चिकटलेल्या, आणि त्यांच्या आतल्या बाजूला पोटाची पोकळी. या पोकळीत गरम हवा फारशी फिरत नाही, उलट वाफ कोंडून राहते. ज्या मांसाला कमी उष्णता हवी त्याला जास्त मिळते आणि ज्याला जास्त हवी ते सावलीत बसतं.

यावरचा उपाय फार जुना आणि जरा आडदांड आहे. कोंबडीच्या पाठीचा कणा कापून काढायचा, ती पुस्तकासारखी उघडायची आणि तळहाताने दाबून सपाट करायची. इंग्रजीत याला स्पॅचकॉक म्हणतात. सपाट झाली की तंगड्या बाहेरच्या कडेला येतात, जिथे हवा खेळती असते. छाती मध्यभागी राहते, तिच्या दोन्ही बाजूंना मांड्यांचा आडोसा मिळतो. पोकळी उरतच नाही. आणि सगळीच्या सगळी कातडी वर येते, एका पातळीत.

वेळ का वाचतो हे समजायला रोडगा आणि भाकरी डोळ्यांपुढे आणा. पीठ दोन्हीकडे धान्याचंच, पण भाकरी तव्यावर मिनिटांत होते आणि रोडग्याला निखाऱ्यात तास घालवावा लागतो. उष्णता बाहेरून आत सरकते आणि जाडी दुप्पट झाली की तिला मधोमध पोचायला साधारण चौपट वेळ लागतो. गोल कोंबडी बारा-तेरा सेंटिमीटर उंच असते. सपाट केलेली छातीच्या जाड भागातही पाच-सहा सेंटिमीटरच्या पुढे जात नाही. गोल कोंबडी आतून पोकळ असल्यामुळे हिशेब तंतोतंत चौपटीचा येत नाही, तरी फरक मोठा पडतो. अख्ख्या कोंबडीसाठी इंग्रजी घरांत चालणारा आडाखा किलोला ४५ मिनिटं आणि वर आणखी २० असा आहे. त्याप्रमाणे सव्वा किलोची कोंबडी सव्वा तास घेते. सपाट केलेली, कडक तापात, ४० मिनिटांत होते.

स्पॅचकॉक हा शब्द आयरिश असल्याचं फ्रान्सिस ग्रोज यांच्या १७८५ सालच्या कोशात नोंदलं आहे. अचानक पाहुणा आला की खुराड्यातली कोंबडी मारायची, सोलायची, चिरून उघडायची आणि लगेच विस्तवावर धरायची, असा तिथला अर्थ. गंमत म्हणजे त्यात कातडी काढूनच टाकायची होती. कुरकुरीत कातडीसाठी हा खटाटोप करणं ही नंतरची गोष्ट. ही घाईची कोंबडी आपल्याकडेही येऊन गेली आहे. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६ सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशात ‘सडन डेथ’ अशी एक नोंद आहे. साहेब डाक बंगल्याच्या आवारात शिरला की खानसामा अंगणातली कोंबडी धरायचा, आणि साहेबाची आंघोळ आटपून कपडे होईपर्यंत ती चिरलेली, भाजलेली कोंबडी टेबलावर हजर असायची. डाक बंगल्यातल्या कोंबडीची चिवटपणाबद्दल पुष्कळ थट्टा झाली आहे, आणि त्यात खानसाम्याची चूक थोडी आणि घड्याळाची जास्त होती. मारल्यावर कोंबडीचे स्नायू काही तास ताठरतात. त्या अवस्थेत ती शिजवली तर कितीही चांगली आंच द्या, मांस रबरासारखं लागतं. ताठरपणा उतरायला चार-सहा तास जावे लागतात. म्हणून दुकानातून आणलेली ताजी कोंबडी रात्रभर फ्रिजमध्ये ठेवण्याला, मिठाचा विचार बाजूला ठेवला तरी, अर्थ आहे.

आपल्याकडे पहिली अडचण ओव्हनची नसते, दुकानाची असते. आपला चिकनवाला पिसं काढत बसत नाही. तो पिसांसकट कातडी अंगरख्यासारखी ओढून काढतो आणि करी कट करून देतो. रश्श्यासाठी ते ठीक आहे. भाजायला मात्र कातडी हवीच, कारण तीच मांसाचं छप्पर असते. माझा चिकनवाला पहिल्या खेपेला म्हणाला, “ताई, कातडी कोण खातं? वजनात पैसे जातील उगाच.” मग त्याने गरम पाण्यात बुडवून पिसं काढून दिली, थोडा वेळ लागेल म्हणाला आणि लागलाही. गावाकडे गावरान कोंबडी अशीच गरम पाण्यात घालून, पिसं उपटून, जाळावर फिरवून, हळद चोळून घेतात. तेव्हा कातडीसकट कोंबडी ही काही परदेशी कल्पना नाही, शहरातल्या घाईत हरवलेली आहे इतकंच. गावरान कोंबडी मात्र या कृतीला घेऊ नका. तिचं मांस घट्ट असतं, ती ४० मिनिटांत मऊ पडत नाही. तिला रस्साच शोभतो. साधी ब्रॉयलर घ्या, साफ केल्यावर १२०० ते १३०० ग्रॅम भरेल अशी. मोठ्या दुकानांत कातडीसकट अख्खी कोंबडी थंड पेटीत मिळते. गोठवलेली असेल तर फ्रिजच्या खालच्या कप्प्यात पूर्ण दिवस ठेवून वितळवा. आत बर्फाचा खडा राहिला तर पुढचं सगळं गणित चुकतं.

पाठ काढायला सुरीपेक्षा जाडजूड कात्री बरी. कोंबडी छातीवर पालथी ठेवा, शेपटीचं टोक आपल्याकडे. बोटाने मधला कणा चाचपा. त्याच्या एका बाजूला अगदी चिकटून कात्री घाला आणि मानेपर्यंत चालवत न्या. बरगड्या कटकट आवाज करत सहज तुटतात. मांडीच्या सांध्यापाशी कात्री अडते. तिथे जोर लावायचा नाही. अर्ध्या सेंटिमीटरने कण्याकडे सरकायचं, वाट सापडते. जोर लावला की कात्री मांडीच्या मांसात शिरते आणि तंगडी कातडीच्या धाग्यावर लोंबायला लागते. दुसऱ्या बाजूनेही तसंच. हातात दोन बोटं रुंदीची पट्टी येईल. ती फेकू नका. मानेसकट ती पाण्यात घालून तासभर उकळली की वाटीभर छान अळणी निघतं.

आता कोंबडी उघडा. आतल्या बाजूने, छातीच्या मधोमध, मानेकडच्या टोकाला पांढरट कूर्चा दिसेल. तिच्यावर सुरीच्या टोकाने एक उभी चीर द्या, दोन सेंटिमीटर पुरते. ही चीर दिली नाही तरी कोंबडी सपाट होते, पण जास्त ताकद लागते आणि कधी कधी हाड वाकडं मोडतं. मग कोंबडी उलटून कातडी वर आणा, तंगड्या बाजूला पसरा, दोन्ही तळहात छातीच्या मधल्या हाडावर ठेवा आणि अंगाचं वजन टाका. कडक् असा आवाज येतो. तो आला नाही तर पुन्हा दाबा, कारण अर्धवट दबलेली छाती ओव्हनमध्ये तंबूसारखी उभी राहते आणि नेमकी वरच्या रॉडखाली काळी पडते. पंखांची टोकं मागे वळवून खांद्याखाली खोचा. तंगड्यांचे गुडघे आत, छातीच्या खालच्या टोकाला टेकतील असे फिरवा. आता ती दिसायला जरा बेडकासारखी दिसते, याला इलाज नाही.

यानंतरचं काम आदल्या रात्रीचं आहे आणि कुरकुरीत कातडीचं अर्धं श्रेय त्याला जातं. कातडीत मुख्यतः पाणी, चरबी आणि चिवट प्रथिन असतं. कातडी ओली आहे तोवर तिचं तापमान १०० अंशांच्या फार वर जात नाही, कारण येणारी सगळी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होते. तांबूस रंग आणि भाजल्याचा वास यायला मात्र १४० अंशांच्या पुढे जावं लागतं. म्हणजे जितकं पाणी ओव्हनमध्ये जाण्याआधी घालवाल तितकी मिनिटं वाचतील. म्हणून कोंबडी नळाखाली धरू नका. त्याने शिंतोड्यांबरोबर जंतूही ओट्यावर पसरतात आणि कातडी पाणी पिते ते वेगळंच. टिश्यू पेपरने आतून-बाहेरून टिपून कोरडी करा, पुन्हा एकदा टिपा.

मीठ कोंबडीच्या वजनाच्या सव्वा टक्क्याच्या जवळ. सव्वा किलोला १५ ग्रॅम, म्हणजे बारीक मिठाचे सपाट अडीच चमचे. त्यात एक चमचा बेकिंग पावडर आणि एक चमचा मिरपूड मिसळा. मिठाचा निम्म्याहून जास्त भाग आतल्या मांसाच्या बाजूला, छातीवर आणि मांड्यांवर. उरलेलं कातडीवर उंचावरून भुरभुरवा. बेकिंग पावडरने कातडी किंचित अल्कधर्मी होते, त्यामुळे ती लवकर तांबूस होते आणि तिच्यावर बारीक फोड येतात, ज्यांचा तो काचेसारखा कुरकुरीतपणा असतो. बेकिंग पावडरच्या जागी खाण्याचा सोडा घालू नका. मी एकदा घातला. कातडी सुंदर झाली आणि साबणासारखी लागली. मग कोंबडी जाळीवर, जाळी ताटात आणि ताट फ्रिजच्या सगळ्यात खालच्या फळीवर, उघडं. वर झाकण नाही, प्लॅस्टिक नाही. फ्रिजची कोरडी हवा कातडीतलं पाणी ओढते. पहिल्या तासात मिठाने सुटलेलं पाणी कातडीवर घर्मबिंदूंसारखं दिसतं, मग ते मिठासकट आत मुरतं. सकाळी बोट फिरवलं तर कातडी चर्मपत्रासारखी लागते, थोडी पारदर्शकही होते. ही खूण दिसली की समजा अर्धी लढाई जिंकली.

आता तापमान. सपाट कोंबडी करणारे पुष्कळजण इथे चुकतात, आणि चूक तर्काला धरून असते: पदार्थ पातळ झाला, तेव्हा आंच मंद चालेल. पण मांस लवकर शिजतं याचा अर्थ कातडीला मिळणारा वेळ कमी झाला. १८० अंशांवर सपाट कोंबडी पाऊण-एक तासात आतून तयार होते आणि तोवर कातडी नुसती पिवळी, रबरी राहते. ती होण्याची वाट पाहिली तर छाती वाळते. म्हणून वेळ घटला की ताप वाढवायचा. २२० ते २३० अंशांवर चरबी वितळून खाली गळते, कातडी तिच्याच चरबीत तळल्यासारखी होते आणि ती रंगाला येते नेमकी त्याच सुमारास छाती ७० अंशांना पोचते. गोल कोंबडी याच तापात टाकून बघा, बाहेरून काळी आणि सांध्यापाशी कच्ची मिळेल. हा कडक ताप गोल कोंबडीला सोसतच नाही, सपाट केल्यामुळेच तो वापरता येतो. २५० अंशांवर गेलात तर आणखी वेळ वाचत नाही, फक्त खालच्या ट्रेमधली चरबी जळून घर धुराने भरतं.

माझ्या २८ लिटरच्या ओटीजीत मागच्या रविवारी काय झालं ते सांगते. कोंबडी १२५० ग्रॅम, शनिवारी संध्याकाळी सात वाजता मीठ लावून फ्रिजमध्ये. रविवारी दुपारी बाराला ओटीजी २३० अंशांवर, वरचा आणि खालचा दोन्ही रॉड चालू. ओटीजीचा दिवा दहा मिनिटांत विझतो, पण तेव्हा फक्त आतली हवा तापलेली असते, भिंती नाहीत. दार उघडलं की सगळा ताप निघून जातो. म्हणून पूर्ण २५ मिनिटं तापवला. आत लटकवलेला दीडशे-दोनशे रुपयांचा ओव्हन थर्मामीटर तेव्हा २१५ दाखवत होता. ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतलं तापमान यांत असा फरक पडतोच, आपल्या यंत्राचा फरक एकदा माहीत करून घ्यावा. ट्रे कमी काठाचा घेतला. उंच काठाच्या भांड्यात वाफ कोंडते आणि तंगड्या भाजण्याऐवजी उकडतात. ट्रेमध्ये एक सेंटिमीटर जाडीच्या बटाट्याच्या चकत्या पसरल्या, त्यांच्यावर जाळी, जाळीवर कोंबडी. बटाटे गळणारी चरबी झेलतात, तिला जळू देत नाहीत, आणि स्वतः तिच्यात भाजून निघतात. कांदे-टोमॅटो घातले तर ते पाणी सोडतात, वाफ होते. तो मोह टाळलेला बरा. कोंबडीवर चमचाभर तेल हाताने फिरवलं, आणि ट्रे खालून दुसऱ्या खाचेत, म्हणजे छाती वरच्या रॉडपासून वीतभर तरी लांब राहील असा ठेवला.

पहिली दहा मिनिटं काही घडत नाही. मग आतून चरचर ऐकू येते, म्हणजे चरबी सुटली. पंधराव्या मिनिटाला गुडघ्यांवर रंग आला. २५व्या मिनिटाला ट्रे पटकन फिरवला, कारण ओटीजीच्या मागच्या बाजूला ताप नेहमी जास्त असतो. छातीत थर्मामीटर खुपसला, ५२ अंश. ३५व्या मिनिटाला छाती ६५, मांडी ७४. इथून पुढे दर तीन मिनिटांनी बघावं लागतं, कारण शेवटचे अंश भराभर चढतात. ४० मिनिटं झाली तेव्हा छाती ७१ आणि मांडी ८१. बाहेर काढली. ओट्यावर दहा मिनिटांत छाती स्वतःच ७४पर्यंत चढली, कारण बाहेरच्या थरातला ताप आत सरकत राहतो. दहा अंशांचा तो फरक, जो गोल कोंबडीत उलटा पडला होता, तो इथे आपोआप सुलटा आला होता.

काटा खुपसायचा थर्मामीटर पाच-सातशे रुपयांना मिळतो आणि या कामात तो मला कात्रीपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. टोक छातीच्या सगळ्यात जाड भागात, बाजूने आडवं घालायचं आणि हाडाला टेकू द्यायचं नाही. हाडाजवळ आकडा खोटा येतो. तब्येतीच्या दृष्टीने ७४ अंश गाठले की क्षणात निर्धास्त, किंवा ७० अंशांवर दोन मिनिटं राहिलं तरी तितकंच सुरक्षित. थर्मामीटर नसेल तर मांडी आणि अंग यांच्यामध्ये सुरीचं टोक घाला; रस स्वच्छ आला आणि तंगडी धरून हलवली तर सांधा सैल फिरला, तर झालं. मात्र रंगावर फार विसंबू नका. ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांची असते, तिची हाडं कोवळी, सच्छिद्र असतात आणि शिजताना आतल्या मज्जेचा लाल रंग बाहेर झिरपतो. पूर्ण शिजलेल्या कोंबडीतही हाडालगत गुलाबी किंवा तपकिरी डाग दिसतो. पाहुणे तो पाहून बिचकतात. मांस हाडापासून सुटत असेल आणि त्याला काचेसारखी चमक नसेल, तर तो डाग खुशाल खावा.

मसाल्याचं काय, असं कुणीतरी विचारणारच. दह्याचं मुरवण इथे चालत नाही. दही ओलं असतं, त्यातली साखर २३० अंशांना करपते आणि कातडी कधीच कोरडी होत नाही. तंदूरवाले कातडी काढूनच दही लावतात, ते उगाच नाही. लाल तिखटही वरून लावलं तर वीस मिनिटांत काळं आणि कडू पडतं. मी दोन चमचे तुपात ठेचलेला लसूण, हिरवी मिरची आणि कोथिंबीर कालवते आणि छातीवरची कातडी बोटांनी अलगद सुटी करून तिच्याखाली सारते. मांसाला वास लागतो आणि कातडी वर कोरडी ती कोरडीच राहते. मालवणी मसाला आवडत असेल तर तो शेवटी ट्रेमधल्या गरम चरबीत परतून, पाठीच्या अळणीत कालवून, बाजूला वाटीत द्यावा. कोंबडीवर ओतू नये. एवढ्या मेहनतीने कोरडी केलेली कातडी दोन मिनिटांत भिजते.

ओव्हनप्रमाणे थोडा फरक करावा लागतो. पंखा असलेला ओव्हन असेल तर २० अंश कमी ठेवा, फिरती हवा ती भर काढते. मायक्रोवेव्हच्या कन्व्हेक्शनमध्ये कोंबडी नीट शिजते, पण बरेचसे २०० अंशांपाशीच दमतात. कातडी रंगाला येते, कुरकुरीत मात्र जेमतेम. आणि कोणताही ओव्हन असो, आधी रिकामा ट्रे मोजून घ्या. सव्वा किलोची सपाट कोंबडी साधारण ३० सेंटिमीटर लांबरुंद पसरते. सोळा लिटरच्या छोट्या ओटीजीत ती बसत नाही. भिंतीला टेकलेली तंगडी एका बाजूने करपते. तिथे तिचे सरळ दोन भाग करावेत, मधल्या हाडावरून कापून. सपाटपणा तोच राहतो, फक्त जोडी तुटते.

बाहेर काढल्यावर दहा मिनिटं थांबायचं आणि झाकायचं नाही. अॅल्युमिनियम फॉइलचा तंबू करायची सवय गोल कोंबडीवरून आली आहे. सपाट कोंबडीवर तो घातला की आतली वाफ कातडीत शिरते आणि कुरकुरीतपणा तुमच्या डोळ्यांदेखत मावळतो. कापायला पुन्हा तीच कात्री. मधोमध एक काप, मग कातडीचा दुवा तोडून तंगड्या वेगळ्या, मांडी आणि नळी सांध्यावर, छातीचे अर्धे आडवे. आठ तुकडे, दोन मिनिटांत, आणि प्रत्येकावर कातडीचा वाटा. गोल कोंबडी कापताना होणारी झटापट इथे होत नाही, कारण अवघड काप आपण आदल्या रात्रीच केलेला असतो.

उरली तर दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका. बिडाचा तवा मंद आंचेवर ठेवा, तेल नको, तुकडे कातडी खाली करून ठेवा आणि सहा-सात मिनिटं हात लावू नका. कातडीतली उरलीसुरली चरबी सुटते, तवा पुन्हा चरचरतो, आणि तुकडा सरकवून पाहिला की तो तव्यावर पापडासारखा खडखडत फिरतो.